पाणी शंभरावर कसं उकळवावं?

नववीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात 'पाण्याचा उत्कलनांक काढणे' आलं की घाबरू नका. आधी निष्कर्ष लिहून टाका: 100 अंश सेल्सिअस. मग निरीक्षण तक्ता खालून वर भरत या. शेवटच्या ओळीत 100, तिच्या वर 90, त्याच्या वर 80. दर मिनिटाला बरोबर दहा अंश. पाणी असं शिस्तीत तापत नाही. नव्वदीच्या पुढं वाफेतून उष्णता जाऊ लागते आणि पारा रेंगाळतो. पण ते तुम्ही मनावर घेऊ नका, तपासणारेही घेत नाहीत.

सुरक्षेच्या सूचनांचं पान मात्र मन लावून सजवा. 'स्पिरिटचा दिवा फुंकून विझवू नये, टोपण घालून विझवावा' हे हिरव्या शाईत, खाली दुहेरी रेघ. मग टोपण हरवलेल्या दिव्यावर खुशाल फुंकर मारा. 'पाणी तापवण्याआधी चंचुपात्रात चिनी मातीचे दोन-तीन तुकडे टाकावेत' हेही लिहा. तुकडे विसरला असाल तर पाणी उकळीला आल्यावर टाका, म्हणजे ते एकदम उसळून हातावर का येतं याचंही प्रात्यक्षिक होईल. स्टाफरूममधल्या फुटक्या कपाचे तुकडे चालतात, फक्त ते गार पाण्यात टाकायचे असतात, एवढंच.

आता खरी अडचण. तुम्ही बेळगावात आहात. गाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर. इथं डोक्यावरची हवा थोडी पातळ, तिचा दाब कमी, म्हणून पाण्याला वाफ होऊन निसटायला कमी तापमान पुरतं. दर 300 मीटरला सुमारे एक अंश उतरतो असा ढोबळ हिशेब धरला, तर शंभरातून अडीच गेले, उरले साडेसत्त्याण्णव. तुमची शाळा टिळकवाडीत असो की शहापुरात, पारा तिथंच बसणार. चोर्ला घाट उतरून पणजीत गेलात तर मिळतील शंभर, पण प्रात्यक्षिकाच्या तासाला तेवढी सुट्टी कोण देतो?

तेव्हा उपाय इथंच शोधायला हवा. पहिला उपाय, तापमापीचा फुगा चंचुपात्राच्या तळाला टेकवा. जर्नलमध्ये 'तळाला टेकवू नये' असं छापलंय ते याचसाठी. तळ ज्योतीनं पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो, पारा चार रेघा वर दाखवेल. दुसरा उपाय मिठाचा. शंभर मिलिलिटर पाण्यात सुमारे चौदा ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे दोन-अडीच चमचे, घातलंत की उत्कलनांक अडीच अंशांनी चढतो. फक्त मग प्रयोगाचं नाव 'रश्श्याचा उत्कलनांक' करावं लागेल.

तापमापीच खोटी असेल असा संशय घेऊ नका, कारण तो तपासता येतो आणि तपासलं की पळवाट बंद होते. कुटलेल्या, वितळू लागलेल्या बर्फात फुगा बुडवून बघायचा. बर्फ बेळगावातही शून्यालाच वितळतो, पणजीतही. त्याच्यावर उंचीचा फरक पडतो तो न मोजण्याइतका. तिथं पारा अर्धा अंश वर दिसला, तर उकळीच्या वेळचे 98 म्हणजे खरे 97.5. बघा, किती गैरसोय!

मागच्या वर्षी एका मुलीनं मला हाक मारली, "सर, पारा चढंना झालाय. दिवा बिघडलाय काय की?" बघितलं. पाणी खळखळ उकळत होतं, फुगा तळापासून दोन बोटं वर, पारा 97.5 वर. सव्वीसपासून चढताना तिनं दर दोन मिनिटांनी आकडे मांडले होते: 41, 58, 74, 89, 96. मग 97.5, पुन्हा 97.5, पुन्हा तेच. खाली ज्योत जळतेय आणि वर आकडा हलत नाही, हाच तर उत्कलनांक. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडत होती. तिच्या तक्त्यातल्या तीन सारख्या ओळी वर्गात दुसऱ्या कुणाकडंच नव्हत्या.

मी काय केलं? शेजारच्या बाकावरच्या पन्नास जर्नलांकडं बघितलं, सगळीकडं 100. म्हणालो, "अजून जरा तापव."

ती बारा मिनिटं उभी राहिली. पाणी बोटभर खाली गेलं. मुंबईत शंभर, बेंगळुरूत सत्त्याण्णव, आणि मधे हे आमचं गाव, दोघांपैकी कुणाचंच न ऐकता साडेसत्त्याण्णवला खळखळतंय. शेवटी तिनं खोडरबर काढला. सहीसाठी जर्नल माझ्यासमोर आलं तेव्हा 100 च्या खाली पेन्सिलीनं दाबलेला 97.5 उजेडात तिरका धरला की वाचता येत होता.

मी पान सपाट धरलं आणि सही केली.