अंदाज-कार्डांवर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

चुंबकाला काय चिकटेल याचा अंदाज मुलांनी आधी कार्डावर लिहायचा आणि मगच ट्रेमधल्या वस्तूंना चुंबक लावून बघायचा, या माझ्या वर्गातल्या पद्धतीवर मी एक लेख लिहिला होता. त्यावर एका शिक्षकांची ही प्रतिक्रिया आली:

*"मॅडम, ट्रे, कार्डं, फोटो, सगळं दिसायला छान. पण चुकीचा अंदाज मुलाच्या हातून लिहून घेतलात की ती चूकच पक्की होते. लोखंड चिकटतं, बाकीचं नाही. सजातीय ध्रुव दूर सारतात, विजातीय ओढतात, हे फळ्यावर पाच मिनिटांत होतं. चुंबक सहावीला आहेच, आणि चाळीस मुलांच्या वर्गात असले प्रकार जमत नाहीत. तीस वर्षं शिकवलंय म्हणून लिहितोय."*

सर, नमस्कार. तुमच्या अनुभवाचा मान ठेवून उत्तर देते आहे. पण "दिसायला छान" आणि "असले प्रकार" हे शब्द मला लागले. फोटो दोनच होते, तेही कार्डं कशी आखायची हे इतर शिक्षकांना दिसावं म्हणून टाकलेले. तिसरी-चौथीचा जोडवर्ग सांभाळणारी बाई दिखाव्यासाठी रात्री बसून कार्डं कापते, असं एखाद्या शिक्षकाला वाटावं याचं वाईट वाटतं. मतभेद असू देत, पण हेतूवर शंका घ्यायला काहीतरी आधार हवा होता.

एक गोष्ट मान्य करते. हे सगळं एका तासिकेत बसत नाही. वस्तूंचा ट्रे एका दिवशी आणि ध्रुव दुसऱ्या दिवशी असंच करावं लागतं, आणि मूळ लेखात मी हे ठळकपणे सांगायला हवं होतं. बाकी सहावी आणि चाळीस मुलं या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. सहावीच्या पुस्तकात धडा आहे म्हणून तिसरीतल्या मुलाने दप्तराच्या बटणातला चुंबक काढून खेळणं थांबवलेलं नाही. आणि चाळीस मुलांना आठ ट्रे लागतात, चाळीस नव्हे.

मला बोलायचं आहे ते तुमच्या दुसऱ्या वाक्याबद्दल. चूक पक्की होते, हे तुम्ही कशावरून म्हणता? ती चूक मी कार्डावर लिहायला लावली म्हणून मुलाच्या डोक्यात आलेली नसते. ती आधीपासून तिथे असते, कार्डामुळे फक्त मला दिसते. तिसरीच्या बहुतेक मुलांना वाटतं की चमकतं ते सगळं चुंबकाला चिकटतं. फळ्यावर "लोखंड चिकटतं" लिहिलं की ही मुलं मान डोलावतात, वहीत उतरवून घेतात, आणि घरी गेल्यावर चमकणारी प्रत्येक वस्तू मनातल्या मनात लोखंडात जमा करतात. नियम पाठ होतो आणि समज आहे तिथेच राहते. मी स्वतः अशीच शिकले. "सजातीय ध्रुवांत प्रतिकर्षण" हे शब्द मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येत होते, पण दोन चुंबक समोरासमोर धरल्यावर हाताला जो धक्का बसतो तो मला डी.एड.ला गेल्यावर पहिल्यांदा कळला. माझ्या वर्गातल्या मुलांना तेवढं थांबायला लागू नये, असं मला वाटतं.

आता डब्याची गोष्ट सांगते, म्हणजे वादाला काहीतरी ठोस मिळेल. माझ्या ट्रेमध्ये लोखंडी खिळा, टाचणी, तांब्याच्या तारेचा तुकडा, पितळी घुंगरू, अॅल्युमिनियमचं झाकण, खोडरबर, एक रुपयाचं नाणं, पाच रुपयांचं जुनं जाड नाणं, स्टीलचा चमचा आणि स्टीलचा छोटा डबा असतो. ट्रे प्लास्टिकचा घेते, कारण पत्र्याचा घेतला तर चुंबक ट्रेलाच चिकटतो आणि मुलं गोंधळतात. कार्डावर वस्तूचं चित्र आणि तीन चौकटी असतात: माझा अंदाज, असं का वाटतं, काय झालं. पहिल्या दोन चौकटी पेनाने भरायच्या. सगळ्यांच्या भरून झाल्या की मगच ट्रेवरचं फडकं काढायचं. पेन का, तर पेन्सिल दिली की मुलं निकाल बघून हळूच अंदाज खोडतात. तेव्हा मग खरोखरच कुणाला काय वाटत होतं ते कळत नाही.

एका मुलीने डब्यापुढे लिहिलं, "चिकटेल, कारण स्टील लोखंडापासूनच होतं." लेकीने लावलेलं कारण अगदी बरोबर होतं, आणि तुमच्या फळ्यावरच्या नियमालाही धरून होतं. तिने चुंबक लावला, तो घसरून खाली पडला. तिने पुन्हा लावला, डबा उलटा करून लावला. शेजारच्या मुलाने त्याच ट्रेमधला चमचा लावला, तो टपकन चिकटला. दोन्ही स्टील, दोन्ही तितकेच चमकणारे, आणि एक चिकटतो, एक नाही. सर, "लोखंड चिकटतं, बाकीचं नाही" हे वाक्य इथे काय कामाचं? डब्यात लोखंड भरपूर आहे, तरी तो चिकटला नाही.

शिक्षकाला यामागचं कारण ठाऊक असावं लागतं, मुलांना लगेच सांगायचं नसलं तरी. डबे, पेले यांच्या स्टीलमध्ये क्रोमियमबरोबर बहुधा निकेल किंवा मँगेनीजही मिसळलेलं असतं, त्यामुळे लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि ते चुंबकाला दाद देत नाही. स्वस्त चमच्यांच्या स्टीलमध्ये बहुधा नुसतं क्रोमियम असतं, तिथे ही मांडणी बदलत नाही आणि चमचा ओढला जातो. एक रुपयाचं नाणं चिकटतं तेही याच दुसऱ्या प्रकारच्या स्टीलचं असल्यामुळे. पाच रुपयांचं जुनं जाड नाणं तांबं-निकेलचं, ते चिकटत नाही. पण सगळे डबे सारखे नसतात, काही चिकटतातही. न चिकटणाऱ्या डब्याची दुमडलेली कडसुद्धा कधीकधी किंचित ओढ दाखवते, कारण धातू वाकवताना त्याची आतली रचना थोडी बदललेली असते. म्हणून ट्रे वर्गात नेण्याआधी प्रत्येक वस्तू स्वतः तपासून घ्यावी लागते. पितळेसारखी दिसणारी पिवळी सेफ्टी पिन तर हमखास फसवते. वर पिवळा मुलामा आणि आत लोखंड.

त्या मुलीच्या तिसऱ्या चौकटीत आलं ते असं: "डबा नाही चिकटला. चमचा चिकटला. स्टील दोन प्रकारचं असतं का?" हा प्रश्न तिला पडला, कारण आधी तिने स्वतःच्या हाताने काहीतरी लिहून ठेवलं होतं आणि ते घडलं नव्हतं. अंदाज लिहिलाच नसता तर चुंबक पडला काय न पडला काय, तिला त्याचं काही वाटलं नसतं.

तुमच्या भीतीत तथ्य आहे ते एकाच ठिकाणी. अंदाज आज लिहून घेतले आणि ट्रे उद्यावर ढकलला, किंवा "काय झालं" ही चौकट रिकामी ठेवून कार्डं गोळा केली, तर चूक खरंच तशीच राहते. मी तसं करत नाही, आणि करू नका असं त्या लेखातही लिहिलं होतं. तुम्ही तो भाग वाचला की नाही, मला ठाऊक नाही.

ध्रुवांचंही तेच. "पाच मिनिटांत फळ्यावर" म्हणता, तर माझ्या चौथीच्या मुलांपुढे असतं ते ऐका. सारख्या मापाच्या तीन कांड्या एकाच खाकी कागदात गुंडाळलेल्या असतात. दोन पट्टी चुंबक असतात, आणि तिसरा फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून आणलेला साध्या लोखंडी पट्टीचा तुकडा. कांड्यांवर अ, आ, इ आणि टोकांवर १, २ लिहिलेलं असतं. साधं लोखंड कोणतं ते ओळखायचं, आणि आधी कार्डावर लिहायचं की कसं ओळखाल. जवळजवळ प्रत्येक गट लिहितो, "जी जोरात चिकटेल ती चुंबक." मग अ आणि आ यांची टोकं जुळवतात, चिकटतात. टोक बदलतात, तरीही चिकटतात. चारही जोड्या चिकटल्यावर गट गप्प होतो, कारण चुंबकाला लोखंडही चिकटतं आणि चुंबकही चिकटतो. मग कुणीतरी अ आणि इ घेतं, आणि एका जोडीला कांडी मागे सरकते, हातातून निसटल्यासारखी बाजूला वळते. ओढणं काहीच सिद्ध करत नाही, ढकलणंच सिद्ध करतं. अ आणि इ दोन्ही चुंबक, म्हणजे आ साधं लोखंड. हे मुलं एकमेकांवर ओरडून सांगतात. प्रतिकर्षण ही चुंबकाची खरी परीक्षा आहे, हे वाक्य त्यांना मी देत नाही, ती स्वतः तिथपर्यंत येतात.

यातही अडचणी येतात. पट्टी चुंबक वर्षभर खोक्यात कसेही कोंबून ठेवले की दुबळे होतात. खूप जोरदार चुंबकासमोर दुबळा चुंबक धरला तर सजातीय ध्रुवसुद्धा अगदी जवळ आल्यावर चिकटतात, आणि मुलं म्हणतात नियम खोटा. म्हणून दोन्ही चुंबक साधारण एकाच ताकदीचे घ्यायचे, आणि ठेवताना विजातीय टोकं शेजारी ठेवून टोकांवर लोखंडी पट्ट्या लावायच्या. बाजारातल्या चुंबकांवरच्या लाल-निळ्या रंगावरही विश्वास ठेवू नका. दोऱ्याला आडवा टांगून, लोखंडी बाकांपासून दूर, स्थिर होऊ द्या. उत्तरेकडे वळलेलं टोक तो उत्तर ध्रुव. आणि ते छोटे चकचकीत, फार जोरदार गोल चुंबक प्राथमिक वर्गात आणूच नयेत. मुलाने दोन गिळले तर आतड्यांच्या दोन वळ्यांमधून ते एकमेकांना ओढतात आणि आतडं फुटू शकतं. काळ्या साध्या चुंबकांवर काम भागतं.

सर, तीस वर्षांचा अनुभव तुम्ही मला दाखवलात. मीही वर्ग घेते, आणि जुन्या पद्धतीनेही शिकवून पाहिलं आहे. वर्ष सरल्यावर त्या मुलांना विचारलं की नुसतं चिकटलं म्हणून समोरची वस्तू चुंबक म्हणता येईल का, तर बहुतेकांचं उत्तर "हो" असायचं. वयाने मोठे आहात म्हणून ऐकून घेते, पण "असले प्रकार" म्हणण्याआधी एक गोष्ट करा. तीन कांड्या खाकी कागदात गुंडाळून तुमच्या ओळखीच्या कुठल्याही चौथीच्या वर्गात ठेवा. आधी अंदाज लिहून घ्या, मग मुलांना हात लावू द्या. कितींनी "जोरात चिकटेल ती चुंबक" लिहिलं आणि तास संपताना त्यातले किती जण अजूनही तेच म्हणतात, ते इथे लिहा.