फरक रुपये १,०९,६५५

बँकेत आपल्या वहीपेक्षा पैसे कमी निघाले तर माणूस बँकेत जाऊन भांडतो. जास्त निघाले तर गप्प बसतो. आमचे शेठ या दुसऱ्या पंथाचे. सांगलीत त्यांचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे आणि मी त्यांचा हिशेब लिहितो. बँकेचं ॲप मोबाइलवर आल्यापासून शेठ देवाला हात जोडायच्या आधी शिल्लक बघतात. माझ्या टॅलीतला आकडा त्याहून कमी असला की मधले पैसे मीच घरी नेलेत की काय, अशा नजरेने माझ्याकडेही बघतात.

३१ मार्च २०२२ ला बँकेच्या स्टेटमेंटवर शिल्लक होती ५,२८,२९५. आमच्या वहीत बँक खात्याला ४,१८,६४०. फरक रुपये १,०९,६५५.

"जास्तच आहेत ना? मग राहू दे की, भाऊसाहेब. बँक मागेल तेव्हा बघू."

"शेठ, हे बँकेचे जास्त आलेले नाहीत. आपण लोकांना दिलेत, पण त्यांनी अजून नेले नाहीत."

"मग नेईपर्यंत आपलेच की ओ!"

या तर्काला उत्तर नाही. चेक फाडून दिला की मी त्याच दिवशी वहीत वजा करतो. समोरचा तो भरेल आणि तो वटेल, तेव्हा कुठे बँक वजा करते. मधल्या काळात ते पैसे ॲपवर हिरव्या रंगात चमकत असतात आणि शेठना नव्या मोटारींची ऑर्डर द्यायचा मोह होत असतो.

ऑडिटरला बँकेचा ताळमेळ हवा होता, म्हणून मी वही आणि स्टेटमेंट, दोन्हीकडच्या मार्चच्या प्रती छापल्या आणि जुळणाऱ्या नोंदींवर टिका मारायला शेठच्या भाच्याला बसवलं. भाचा बी.कॉम.ला होता, अनुभव घ्यायला आला होता. त्याचं पहिलं भांडण नावे-जमेवरून. आमच्या वहीत बँकेतले पैसे म्हणजे आमचं येणं, म्हणून पैसे आले की बँक खात्याला नावे. बँकेच्या वहीत तेच पैसे म्हणजे तिचं आम्हाला देणं, म्हणून ते आमच्या खात्याला जमा. तेव्हा आमची नावेची बाजू त्यांच्या जमेच्या बाजूशी लावायची, हे त्याला पटवता पटवता चहा गार झाला. "म्हणजे दोघांपैकी एक जण उलटं लिहितो," हा निष्कर्ष काढून तो पेन्सिल घेऊन बसला.

टिका मारून झाल्यावर ज्या नोंदी उघड्या राहतात, त्यांतच सगळा फरक लपलेला असतो. आमच्या बाजूला, आम्ही दिलेल्या चेकांपैकी दोन उघडे राहिले. एक ट्रान्सपोर्टवाल्याचा, ८०,७५० चा. तो ३० मार्चला दिला होता आणि ५ एप्रिलला वटलेला स्टेटमेंटवर दिसला. विषय संपला. असे न वटलेले चेक सरळ स्वभावाचे असतात, पुढच्या महिन्याचं पान उघडलं की स्वतःहून हजर होतात.

दुसरा होता गोदामाच्या भाड्याचा, ४५,००० चा. अण्णांचा.

अण्णा आमचे गोदामाचे मालक. तीन महिन्यांचं भाडं एकदम घेतात, तेही चेकनेच, कारण ऑनलाइन आलेले पैसे त्यांना खरे वाटत नाहीत. चेक घेतात, चष्मा लावून अक्षरी रक्कम मोठ्याने वाचतात, घडी घालतात आणि घरी नेऊन विसरतात. हा चेक ५ जानेवारीचा होता. जानेवारीच्या ताळमेळात तो न वटलेला, फेब्रुवारीत न वटलेला, मार्चमध्ये तर तो माझ्या यादीत पहिल्या नंबरावर मुक्कामाला. मी फोन केला.

"अण्णा, जानेवारीतला चेक भरला नाही तुम्ही."

"आहे की. पोथीत ठेवलाय. पळून जातोय काय तो?"

"पळत नाही, पण शिळा होतो. २०१२ पासून चेकची मुदत तारखेपासून तीनच महिने आहे. पाच एप्रिल गेली. आता बँक घेणार नाही."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "पूर्वी सहा महिने होती."

"होती."

"बघ, विचारलं तरी का आम्हाला?"

शेठना हे कळलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू आनंद पसरला. "म्हणजे पंचेचाळीस हजार वाचले?" वाचले नाहीत. शिळा होतो तो कागद, भाडं शिळं होत नाही. ३१ मार्चला तो चेक अजून मुदतीत होता, म्हणून त्या तारखेच्या ताळमेळात तो न वटलेल्यांतच राहणार. पुढे एप्रिलमध्ये नोंद उलटवायची, रक्कम अण्णांच्या खात्याला परत जमा करायची आणि नवा चेक द्यायचा. शेठनी नवा चेक ज्या चेहऱ्याने सही केला, त्यावरून कोणालाही वाटलं असतं, भाडं दुसऱ्यांदा देतोय.

दोन चेक मिळून १,२५,७५०. उलट दिशेला, आम्ही भरलेला पण बँकेत जमा न झालेला एक चेक होता, ३८,५०० चा. गिऱ्हाइकाने ३१ मार्चला दिलेला. त्या दिवशी गुरुवार होता. शुक्रवारी एक एप्रिल, बँकेचं वार्षिक हिशेबाचं काम. शनिवारी गुढीपाडवा, मग रविवार. तेव्हा तो वाटेत अडकलाय, असं धरून मी पुढे गेलो. याच्याकडे परत यायचंय.

बँकेच्या बाजूला एक जमा उघडी होती, २३,६०० ची. एनईएफटीने आलेली, आणि तपशिलात लांबलचक नंबरापुढे एका अनोळखी माणसाचं अर्धवट छापलेलं नाव. दुकानात त्या नावाचं खातंच नाही. अशा वेळी नाव सोडावं आणि आकड्याला विचारावं. २३,६०० म्हणजे २०,००० अधिक १८ टक्के जीएसटी. मार्चच्या बिलांत वीस हजारांच्या पाइपांचं एकच बिल निघालं, पलूसकडच्या एका शेतकऱ्याचं. पैसे पाठवले होते पुण्यातल्या मुलाने, स्वतःच्या खात्यावरून, आणि सांगितलं कोणालाच नाही. त्या शेतकऱ्याला आमच्या दुकानातून उधारीच्या वसुलीचे फोन चालू होते आणि तो बिचारा सभ्यपणे "बघतो, बघतो" म्हणत होता.

आता वहीची शिल्लक, त्यात न वटलेले चेक मिळवा, वाटेतला चेक वजा करा, हे २३,६०० मिळवा. उत्तर आलं ५,२९,४९०. बँक म्हणते ५,२८,२९५. उरले १,१९५.

"किरकोळ खर्चात टाका," शेठ म्हणाले. लाखाचा फरक त्यांना चालत होता आणि हजाराचा सोडून द्यायची तयारी होती. माझं दुखणं नेमकं उलटं. उरलेला फरक लहान दिसतो, म्हणून चूक लहान असते असं नाही. पन्नास हजारांची एक चूक इकडे आणि अठ्ठेचाळीस हजार आठशे पाचची दुसरी तिकडे, तरी १,१९५ च दिसणार.

जुने मुनीम सांगायचे, फरकाला नवाने भागून बघ. पूर्ण भाग गेला तर कोणीतरी शेजारशेजारचे आकडे उलटे लिहिलेत. १,१९५ ला नवाने भाग जात नाही. अर्धे करून बघ, म्हणजे कुणी रक्कम उलट्या बाजूला टाकली असेल तर सापडते. १,१९५ चे धड अर्धेही होत नाहीत. दोन चुका एकात मिसळल्या की हे सगळे नुस्खे आंधळे होतात. आणि भाच्याच्या कागदावर उघडी अशी एकही ओळ उरलेली नव्हती.

तेव्हा मी टिकांवरच संशय घेतला. स्टेटमेंटच्या शेवटच्या पानावर २५० आणि ४५ अशा दोन ओळी होत्या, बँकेचे चार्जेस आणि त्यावरचा जीएसटी. दोन्हीवर टिक. आमच्या वहीत त्यांची नोंद नाही.

"हे कशाशी जुळवलंस?"

"कशाशी नाही. बँकेचंच आहे ना ते? मग बरोबरच असणार."

२९५ गेले, उरले ९००. नवाने स्वच्छ भाग. त्यातही भागाकार शंभर, म्हणजे हजाराच्या आणि शेकड्याच्या घरातले आकडे बदललेले आणि त्या दोघांत एकचं अंतर. इतकं कळल्यावर सगळा महिना चाळावा लागत नाही. छपाईवाल्याच्या चेकवर बोट थांबलं. वहीत ६,७५०, बँकेत ७,६५०. भाच्याने चेकचा नंबर जुळला म्हणून टिक मारली होती, रकमेकडे बघायचं असतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. काउंटरफॉइल आणि बिल काढून बघितलं, दोन्हीवर ७,६५०. बँक बरोबर, वही चूक. दुरुस्ती वहीत.

टॅलीच्या ताळमेळाच्या पडद्यावर `Balance as per Bank` ची ओळ स्टेटमेंटला रुपयावर भिडली. मी कागद ऑडिटरकडे पाठवला आणि संध्याकाळी भेळ खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ऑडिटर मॅडमचा फोन. "तो ३८,५०० चा चेक ३१ तारखेला भरलात ना? मग जमा ८ एप्रिलला कसा? चार तारखेला सोमवारी बँक उघडली. पाच, फार तर सहा तारखेला यायला हवा होता. स्लिप आहे का?"

भाच्याला बोलावलं. स्लिप होती, ३१ तारखेचीच. शिक्का नव्हता.

"ड्रॉप बॉक्समध्ये टाकलेल्याला शिक्का मिळत नाही," तो म्हणाला.

"बॉक्समध्ये कधी टाकलास?"

तो स्कूटरकडे बघायला लागला. चेक डिकीत होता. रेनकोट, हवेचा पंप आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका यांच्याखाली, सात एप्रिलपर्यंत. वाटेत होता हे खरंच, पण बँकेच्या वाटेत नव्हे.

मॅडमना याचं हसू आलं नाही. ३१ मार्चला जो चेक बँकेत भरलेलाच नाही, तो बँक शिल्लकेत कसा धरणार? त्याला वेगळं खातं हवं, हातातले चेक. मी नोंद बदलली. वहीतली बँक शिल्लक ३८,५०० ने उतरून ४,०२,५४५ झाली. बँकेच्या ५,२८,२९५ तून अण्णा आणि ट्रान्सपोर्टवाला वजा केले, तेही ४,०२,५४५. वाटेतल्या चेकांचा रकाना कोरा राहिला.

शेठनी कागद हातात घेतला आणि मोबाइल शेजारी धरला.

"भाऊसाहेब, तुम्ही सुरू केलं तेव्हा चार अठरा होते."

"होय."

"आता चार दोन झाले."

"होय, शेठ."

"मग थांबा आता. आणखी जुळवू नका."