स्पॉन्सरने ‘वाया खर्च’ म्हणावं, यासाठी काही हमखास उपाय

तांत्रिक कर्ज फेडायला स्प्रिंटमध्ये वेळ हवा आहे ना? मग बॅकलॉगमध्ये त्याचं वेगळं तिकीट काढा आणि नाव ठेवा ‘रिफॅक्टरिंग’. वर्णनात एक ओळ पुरे: कोड क्लीनअप, ८ दिवस. पुढचं आपोआप होतं. प्लॅनिंगच्या कॉलवर स्पॉन्सर नेमका त्या ओळीवर थांबतो आणि विचारतो, “यात मला नवीन काय दिसणार?” तुम्ही नम्रपणे सांगायचं, “दिसणार काही नाही, पण आतून चांगलं होईल.” ओळ गेली म्हणून समजा.

गेल्या आठवड्यात आमच्या संभाजीनगरच्या ऑफिसात हा प्रयोग यशस्वीरीत्या पार पडला. ग्राहक लातूरकडचा, शेतकऱ्यांकडून सोयाबीन घेणारी कंपनी, गावोगाव काटे. मालक शेठ हेच स्पॉन्सर. ते म्हणाले, “मागच्या साली पैसे दिले तवा कोड साफच दिला असंल की तुमी? मग आता ही धुणीभांडी कशाची करायलाव?” शेठचं वाक्य पुरं व्हायच्या आत आमच्या प्रोजेक्ट मॅनेजर साहेबांनी ओळ खोडली होती. “नाही नाही शेठ, ते नंतर बघू.”

तर दुसरा उपाय हाच: नंतर बघा. रिलीजनंतर एक ‘हार्डनिंग स्प्रिंट’ ठेवा. रिलीजनंतर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

तिसरा उपाय, आणि हा फार महत्त्वाचा: ते काम न केल्याने काय गेलं, याचा हिशेब चुकूनही स्पॉन्सरसमोर ठेवू नका. आमच्याकडे असा हिशेब तयार होता. तो कोणी उघडला नाही, ही गोष्ट वेगळी.

नोव्हेंबर २०२४, खरेदीचा ऐन हंगाम. हमीभावाने सोयाबीन घालायचं तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, हा नियम. त्या वर्षी माल ओला होता, म्हणून केंद्राने तेवढ्या हंगामापुरती मर्यादा १५ टक्के केली. शेठचा फोन आला, “बाराचं पंधरा करा, पाच मिनिटाचं काम हाय.” शेठ बरोबर बोलत होते. एक आकडा बदलणं हे पाच मिनिटांचंच काम असायला पाहिजे.

पण आमच्याकडे तो १२ पाच ठिकाणी बसला होता. काट्यावरच्या मोबाइल ॲपमध्ये एक, सर्व्हरवर एक, पावती छापणाऱ्या भागात एक, संध्याकाळच्या अहवालात एक, आणि एक डेटाबेसमधल्या प्रोसिजरमध्ये, जी लिहिणारा मुलगा केव्हाच पुण्याला गेला. शोधून शोधून बदलला. आणि खरा घोळ तिथून पुढे झाला, कारण कोडमध्ये तो एक १२ दोन वेगळी कामं करत होता. हमीभावाच्या खरेदीत १२ म्हणजे वेस, त्याच्या पुढे माल परत. खासगी खरेदीत १२ म्हणजे कपातीची सुरुवात: त्याच्या वर जितके टक्के, तितके किलो दर क्विंटलमागे वजा. पहिल्या रिलीजच्या घाईत दोन्हींना मिळून एकच स्थिरांक लावलेला होता. आकडा सारखाच होता, कोणाला काय वाटणार?

आता १५ झाल्यावर बघा. १४ टक्के ओलाव्याचा २० क्विंटल खासगी माल. आधी दोन टक्क्यांचे ४० किलो कापले जायचे. भाव ४,००० धरला तर १,६०० रुपये. बदलानंतर कपात शून्य. शेतकरी पहिल्यांदाच पावती बघून हसत घरी गेले (त्यांच्यासाठी मला वाईट वाटलं, असं म्हणणार नाही). काही दिवसांनी मुनीमजींचा फोन आला की पावत्यांची बेरीज आणि अहवाल यांचा मेळ बसत नाही. का बसत नव्हता? तर अहवालातला १२ बदलायचा राहिला होता. म्हणजे पहिली चूक सापडली ती दुसऱ्या चुकीमुळे! ती दुसरी झाली नसती तर हंगाम संपेपर्यंत कळलं नसतं. मग पावत्या दुरुस्त करणं आलं, शेठची बोलणी आली, तीन माणसं जवळजवळ आठवडाभर दुसरं काही करू शकली नाहीत. हंगाम संपल्यावर तो १५ परत १२ करायचा होताच.

आणि गेल्या आठवड्यात खोडलेली ती ‘धुणीभांडी’ची ओळ काय होती माहीत आहे? एक टेबल. त्यात पीक, खरेदीचा प्रकार, ओलाव्याची मर्यादा, कपातीचा दर आणि नियम कोणत्या तारखेपासून लागू. पाचही ठिकाणांनी आकडा त्या टेबलाकडून घ्यायचा. मग मागच्या हंगामातल्या खऱ्या पावत्या जुन्या आणि नव्या दोन्ही हिशेबांतून काढायच्या आणि पैशापर्यंत जुळवायच्या. जिथे जुळत नाही तिथे एकतर जुनी चूक सापडली किंवा आपण नवी केली. एवढं झालं की पुढचा नियम मुनीमजी स्वतः स्क्रीनवर भरतात, आपल्याला फोनसुद्धा येत नाही. आठ माणूस-दिवस. हे तिकिटावर लिहायचं सोडून आम्ही काय लिहिलं? ‘कोड क्लीनअप’. “शासनाचा ओलाव्याचा नियम बदलला तर तो त्याच दिवशी सगळ्या काट्यांवर लागू होईल, आणि खासगीच्या पट्टीला धक्का लागणार नाही,” असं वाक्य शेठने खोडलं असतं का हो? त्यांनीच वरच्या क्रमांकावर नेऊन ठेवलं असतं.

शेठला कर्ज कळत नाही असं समजणाऱ्यांची तर मला कमालच वाटते. वॉर्ड कनिंगहॅमने १९९२ मध्ये ही कर्जाची उपमा दिली तीच मुळी आर्थिक सॉफ्टवेअरवर काम करताना: थोडं कर्ज काढून वेगाने पुढे जायला हरकत नाही, मात्र ते लवकर फेडा, नाहीतर अपुऱ्या कोडवर घालवलेला प्रत्येक मिनिट म्हणजे व्याज. मराठवाड्यात हे समजावून सांगावं लागतं? मार्च आला की सोसायटीत पीककर्जाचं नवं-जुनं कसं होतं हे इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. पण स्पॉन्सरला मुद्दल सांगून उपयोग नाही, व्याज दाखवावं लागतं. ते मोजायला तिकीट बंद करताना एक खूण करायची: या कामातला किती वेळ जुन्या कोडशी झगडण्यात गेला. दोन-तीन स्प्रिंट हे केलं की तुमच्या हातात आकडा येतो, आणि तो त्यांच्याच फीचरवर गेलेल्या पैशांचा असतो. फार बारीक मोजायची गरज नाही, अर्ध्या दिवसाच्या हिशेबाने चालतं.

चौथा उपाय: जिथे कोणी वर्षानुवर्षं हात लावलेला नाही तो मॉड्यूल आधी सुंदर करा. स्पॉन्सर ‘वाया’ म्हणेल आणि ते खरंच असेल. ज्या फायलीला कोणी हात लावत नाही तिचं व्याजही चढत नाही, कितीही घाण असू दे. ज्यांना हे पटत नाही त्यांच्यासाठी, सहा महिन्यांत सर्वाधिक वेळा बदललेल्या फायली अशा निघतात:

```
git log --since="6 months ago" --format= --name-only \
  | grep . | sort | uniq -c | sort -rn | head
```

या यादीतल्या वरच्या फायली आणि तुमच्या खुणा केलेल्या तिकिटांच्या फायली ताडून बघा. ज्या दोन्हीकडे आहेत, तिथे पैसे घाला. बाकीच्यांना नमस्कार.

पाचवा उपाय: टेस्ट लिहायचा वेळ अंदाजपत्रकात वेगळा दाखवा, म्हणजे कापायला सोपा पडतो.

सहावा: दर स्प्रिंटला २० टक्के वेळ मागा, पण अशा पद्धतीने मागा की आधी सगळे फीचर भरून झाले आणि आता उरलं तर बघू. उरत नाही. माणूस आहे, उरवतो कशाला?

बरं, आता पुरे. उपरोध करायलाही सहनशक्ती लागते आणि ती संपली.

अहो लीड साहेब, गणित उलटं करायचं असतं! पाच माणसं, दहा दिवस, म्हणजे ५० माणूस-दिवस. त्यातून रजा, मीटिंग, काट्यावरून येणारे फोन यांचे १० काढा. राहिले ४०. त्यातले आठ आधीच बाजूला ठेवा आणि स्पॉन्सरला फीचरचा शब्द ३२ वर द्या. त्यांना ४० चं स्वप्न दाखवून मग आठ मागायला गेलात तर त्यांच्या ताटातून काढून घेतल्यासारखं वाटणारच. आणि हे आठ म्हणजे काही श्लोक नाही. खुणांच्या तिकिटांत व्याज कमी दिसायला लागलं तर चारवर या, हंगामाच्या तोंडावर शून्यावर या, पण हंगाम संपल्यावर भरून काढाल असं त्याच बैठकीत लिहून घ्या. छोटी दुरुस्ती तर मागूच नका. ज्या फाइलमध्ये फीचरसाठी जाताय तिथली स्वच्छता त्या फीचरच्या अंदाजातच धरायची; गवंडी भिंत ओळंब्यात ठेवायची परवानगी मालकाला विचारत नाही. स्क्रम गाइडमध्ये साफ लिहिलं आहे की स्प्रिंट चालू असताना गुणवत्ता घसरू द्यायची नाही. ते वाचून सर्टिफिकेट घेतलंत, ऑफिसात फ्रेम करून लावलंत, आणि शेठने भुवई उचलली की पहिलं तेच विकलंत.

आणि डेव्हलपर मंडळी, तुम्ही हसू नका. मिळालेल्या आठ दिवसांत नवीन फ्रेमवर्क खेळून बघणारे तुम्हीच आहात. काम संपलं कसं ओळखायचं हे लिहिलेलं नसेल तर ते तिकीट घेऊच नका. रिव्ह्यूला जाऊन “बराच कोड सुधारला” असं सांगू नका. शेठसमोर आकडा बदलून दाखवा, पावती काढून दाखवा, आणि मागच्या वेळी याच बदलाला किती दिवस लागले होते ते मुनीमजींनाच विचारा.

राहिले ते आठ दिवस खोडणारे साहेब. फीचर अडकलं की तुम्ही दर वेळी त्याच डब्यात हात घालता. अडकलं तर फीचर लहान करा ना! खासगीची पट्टी या स्प्रिंटला, अहवालाची नक्षी पुढच्या स्प्रिंटला, असं शेठला तोंडावर सांगा. रागावतील, फोन आपटतील, दुपारी परत लावतील. त्याचाच तर पगार घेता तुम्ही.