रॉकस्टारांचे चरित्रपट आणि सरकवलेल्या तारखा : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : “‘बोहेमियन रॅप्सडी’वरचा तुमचा लेख वाचून वाईट वाटले. सव्वादोन तासांत पंधरा वर्षे बसवायची म्हटल्यावर थोडे मागेपुढे होणारच. ज्यांना तारखा हव्यात त्यांनी माहितीपट पाहावा. शेवटच्या मैफलीच्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आले, ते काय खोटे होते?”

उत्तर :

नमस्कार. आपण मनापासून लिहिलेत, म्हणून थोडे सविस्तर उत्तर देतो.

काळ आवळून घेण्याला माझा आक्षेप नाही. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडवरच्या या चित्रपटात बँडच्या पहिल्या अमेरिका दौऱ्यात ‘फॅट बॉटम्ड गर्ल्स’ ऐकू येते. तो दौरा १९७४ चा आणि ते गाणे १९७८ चे, पण त्यामुळे कोणाचेही काही बिघडत नाही. जॉन डीकन १९७१ मध्ये, आधीचे काही बेसवादक येऊन गेल्यानंतर बँडमध्ये आला. चित्रपटात तो पहिल्या कार्यक्रमापासूनच दिसतो, हेही मी सोडून देतो. अशा बदलांनी घटना कधी घडली एवढेच बदलते, ती का घडली हे बदलत नाही. माझा लेख दुसऱ्या प्रकारच्या बदलांबद्दल होता, ज्यांत तारखेबरोबर कारणही सरकते आणि कारणाबरोबर दोषही दुसऱ्याच्या माथी जातो.

चित्रपटात बँडचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी स्वतंत्र अल्बमचा करार करतो, सहकारी दुखावतात, बँड तुटतो, आणि जुलै १९८५ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या ‘लाइव्ह एड’ या मैफलीसाठी तो क्षमा मागून परत येतो, तेव्हा चौघे दीर्घ काळानंतर प्रथमच एकत्र वाजवतात. प्रत्यक्षात स्वतंत्र अल्बम आधी काढला तो ड्रमवादक रॉजर टेलरने, १९८१ मध्ये. गिटारवादक ब्रायन मेचे स्वतंत्र ध्वनिमुद्रण १९८३ मध्ये आले आणि फ्रेडीचा अल्बम त्यानंतर, १९८५ च्या वसंतात. दरम्यान १९८४ च्या आरंभी क्वीनचा ‘द वर्क्स’ हा अल्बम प्रसिद्ध झाला होता, त्याचा जगभर दौरा झाला, जानेवारी १९८५ मध्ये बँड रिओच्या महोत्सवात वाजवून आला आणि तो दौरा मे महिन्यात जपानमध्ये संपला. म्हणजे वेम्बलीच्या मंचावर चढलेले हे चौघे दोनच महिन्यांपूर्वी एकत्र वाजवत होते.

असे का करावे लागले, याचे उत्तर शेवटच्या दृश्यात आहे. चित्रपट लाइव्ह एडवर संपवायचा हे ठरले की पटकथाकारापुढे अडचण उभी राहते, कारण त्या दिवशी नाट्य म्हणावे असे काही घडलेच नव्हते. एक यशस्वी बँड आला, सुमारे एकवीस मिनिटे अप्रतिम वाजवून गेला. मंचावरच्या विजयाला वजन येण्यासाठी आधी काहीतरी हरवलेले असावे लागते आणि हाती वेळ थोडा उरलेला असावा लागतो. हरवलेले काहीतरी हवे म्हणून बँड तुटला. उरलेला वेळ थोडा दिसावा म्हणून तालमीच्या वेळी फ्रेडी सहकाऱ्यांना एड्सबद्दल सांगतो. त्याच्या आजाराचे निदान १९८७ मधले मानले जाते आणि सहकाऱ्यांना त्याने ते त्याहूनही नंतर सांगितले. लाइव्ह एडच्या दिवशी त्याला मृत्यू समोर दिसत होता असे मानायला आधार नाही.

आता आपण म्हणाल, भावना तर खरीच राहिली. मला तसे वाटत नाही. ती मैफल इतकी उत्तम का झाली, याची खरी कारणे ऐकण्याजोगी आहेत. नुकत्याच संपलेल्या दौऱ्यामुळे चौघांचा हात बसलेला होता. इतर अनेक कलाकार जुजबी तयारीने आले असताना या बँडने लंडनच्या शॉ थिएटरमध्ये नेटाने तालमी केल्या, नव्या गाण्यांचा आग्रह न धरता लोकांना पाठ असलेली गाणी निवडली, त्यांतलीही काही आखडून घेतली आणि दोन गाण्यांमधला वेळ जवळजवळ संपवून टाकला. चित्रपटाने या कसबाच्या जागी पश्चात्ताप आणि आजार ठेवला. त्याहून मला खुपते ते हे की मौजमजा, एकटेपणा, बँडशी प्रतारणा आणि मग आजार अशा क्रमाने आजार शिक्षेसारखा दिसू लागतो. एका समलैंगिक कलावंताच्या आयुष्याची अशी मांडणी निव्वळ सोयीची म्हणून मान्य करायला मी तयार नाही.

दोष कोणाच्या वाट्याला येतो, याचा संबंध संगीताच्या हक्कांशी आहे. रॉक बँडचा चरित्रपट त्याच्या गाण्यांवाचून चालत नाही, आणि गाणे वापरायला दोन परवानग्या लागतात, एक रचनेची आणि दुसरी मूळ ध्वनिमुद्रणाची. परवानगी मिळाली नाही तर काय होते ते जिमी हेंड्रिक्सवरच्या २०१३ च्या आणि डेव्हिड बोवीवरच्या २०२० च्या चित्रपटांत दिसले. दोन्हींत नायकाची स्वतःची गाणी नव्हती. त्यामुळे ज्यांच्या हाती हक्क असतात त्यांचा शब्द पटकथेत वजनदार ठरतो. ‘बोहेमियन रॅप्सडी’च्या निर्मात्यांमध्ये क्वीनचे व्यवस्थापक जिम बीच होते, आणि संगीताची सूत्रे मे आणि टेलर यांच्याकडे होती. त्यांनी मुद्दाम खोटे रचले असा आरोप मी करत नाही. पण हयात आणि सहभागी असलेली माणसे समंजस दिसतात आणि चूक तेवढी दिवंगत मित्राची ठरते, हे योगायोगाने झाले असेही मला वाटत नाही.

खलनायकांकडेही याच नजरेने पाहावे. ‘बोहेमियन रॅप्सडी’ हे गाणे नाकारणारा ध्वनिमुद्रण कंपनीचा अधिकारी रे फॉस्टर हे कल्पित पात्र आहे. दुसरा खलनायक, फ्रेडीचा खासगी व्यवस्थापक पॉल प्रेंटर, खराखुरा होता, पण तो १९९१ मध्येच वारला, आणि इंग्लंड-अमेरिकेच्या कायद्यात मृताच्या बदनामीचा दावा उभा राहत नाही. प्रेंटरने फ्रेडीच्या खासगी गोष्टी वृत्तपत्राला विकल्या हे खरे, मात्र ते १९८७ मध्ये, म्हणजे लाइव्ह एडच्या दोन वर्षांनंतर. चित्रपटात ते आधी घडते, कारण नायकाचे डोळे मैफलीपूर्वी उघडायला हवे होते.

माहितीपट पाहावा, हा आपला सल्ला मला अपुरा वाटतो, कारण हा चित्रपट स्वतःच माहितीपटासारखा विश्वास मागतो. वेम्बलीचा मंच उभारताना पियानोवर ठेवलेले शीतपेयांचे कागदी पेलेसुद्धा जसेच्या तसे मांडले आहेत. जे दिसते ते इतके तंतोतंत असले की जे पडताळता येत नाही तेही प्रेक्षक खरे धरून चालतो. याउलट २०१९ च्या ‘रॉकेटमॅन’मध्ये एल्टन जॉन गाता गाता जमिनीवरून अधांतरी उचलला जातो. त्याही चित्रपटात तथ्यांशी खेळ आहे. ‘जॉन’ हे नाव लाँग जॉन बाल्ड्री या ब्रिटिश गायकावरून घेतलेले असताना तिथे ते जॉन लेननवरून सुचलेले दाखवले आहे. पण तरंगणारा नायक पाहून कोणी त्याला इतिहास समजत नाही, म्हणून तिथे माझी तक्रार सौम्य आहे.

आजाराची कथाच सांगायची होती तर ती १९८५ नंतरच्या वर्षांत होती. फ्रेडीने २३ नोव्हेंबर १९९१ ला जाहीर निवेदन काढले आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. तोपर्यंत सहकाऱ्यांनी पत्रकारांपासून हे गुपित जपले, १९८९ च्या अल्बमपासून गाण्यांचे श्रेय चौघांच्या नावे एकत्र देणे सुरू केले, आणि अंगात त्राण असेल त्या दिवशी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या स्टुडिओत त्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला. त्याने तिथे गायलेल्या शेवटच्या गाण्याचे अखेरचे कडवे पुढे ब्रायन मेला गावे लागले. बँड एकदिलाने वागला हे दाखवायला मग कोणताही कलह रचावा लागला नसता, मात्र शेवट वेम्बलीच्या गर्दीत करता आला नसता.