पोट फुगलं की लगेच दुधाला दोष?

“चहा किंवा दूध प्यायल्यावर पोट फुगतं, गॅस होतो, मुरडा येतो? म्हणजे तुम्हाला लॅक्टोज इनटॉलरन्स आहे. तिशीनंतर शरीर दूध पचवणं बंद करतं. तपासणीची गरज नाही. आजपासून दूध, दही, ताक, तूप सगळं बंद. प्यायचंच असेल तर फक्त देशी गाईचं ए-टू दूध. आपल्या माणसांना नक्की पाठवा.”

मोबाइलवर फिरणारा हा संदेश. त्यातल्या चहापासूनच सुरुवात करू. कटिंगमध्ये दूध असतं तरी किती? फार तर ३०-४० मिली. १०० मिली दुधात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पाच ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे कटिंगमधून पोटात गेली जेमतेम दोन ग्रॅम. ही साखर फोडणारं लॅक्टेज नावाचं विकर लहान आतड्याच्या अस्तरात असतं. ज्यांच्यात ते कमी आहे, त्यांच्यातल्याही बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे मोठा पेलाभर दूध, फारसा त्रास न होता चालतं. जेवणासोबत घेतलं तर थोडं जास्तही. मग दोन ग्रॅमनी ढोल कसा होईल? अपवाद आहे तो पाणी न घालता नुसत्या दुधात चहा उकळणाऱ्यांचा. मोठा मग भरून असा चहा दिवसातून चारदा होत असेल, तर तो पेलाभर दूध चारदा पिण्यासारखाच आहे आणि तिथे संशय घ्यायला जागा आहे.

एरवी चहाचे स्वतःचे उद्योग असतात. उपाशीपोटी कडक चहा घेतला की कॅफिनमुळे आम्ल वाढतं आणि मोठं आतडं हलायला लागतं. चहा घेतल्याशिवाय सकाळी ‘होत नाही’ म्हणणारी मंडळी घरोघरी आहेत, ती याच भरवशावर. सोबत खारी, टोस्ट, बिस्किटं असतातच. गव्हातल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, त्या मोठ्या आतड्यातल्या जंतूंच्या हाती लागतात आणि गॅस होतो. इतकं सगळं सोडून आळ मात्र दुधावर.

त्रास दुधाचाच आहे का, याची पहिली खूण घड्याळात असते. न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोचतं, पाणी ओढून घेतं, जंतू ते आंबवतात आणि वायू तयार होतो. याला वेळ लागतो. साधारण अर्ध्या तासापासून दोन तासांत, कधी त्याहून उशिरा, पोट गुरगुरतं, फुगतं, कळ येते, पातळ शौचाला होते. चहाचा दुसरा घोट घेताच मुरडा येत असेल, तर दूध तोवर जठरातच आहे.

आमच्या इमारतीतले एक काका, पन्नाशी उलटलेले, हा संदेश वाचून दूध सोडायच्या बेतात होते. सकाळी उठल्याउठल्या मोठा कप चहा, दोन खाऱ्या आणि दहा मिनिटांत पोटात मुरडा. लग्नात मात्र वाटीभर बासुंदी बिनघोर रिचवायचे. वाटीभर बासुंदीसाठी सहज ३०० मिली दूध आटतं. दूध आटवलं तरी लॅक्टोज उडून जात नाही, म्हणजे वाटीत १४-१५ ग्रॅम आलंच. पोटभर जेवणानंतर ते आतड्यात सावकाश उतरतं हे खरं, तरी संशय दुधावरून ढळायला एवढं पुरे होतं. त्यांना सांगितलं, एका सकाळी कोरा चहा आणि त्याच खाऱ्या घ्या. दुसऱ्या सकाळी उपाशीपोटी फक्त पेलाभर साधं दूध, आणि दुपारपर्यंत काय होतं ते लिहून ठेवा. कोऱ्या चहाने मुरडा आला, दुधाने काहीच झालं नाही. आता ते आधी पोळीचा तुकडा खाऊन मग चहा घेतात.

दुधाच्याच सकाळी त्रास झाला असता, तर पुढची पायरी लॅक्टोज-फ्री दुधाची होती. यात साखर आधीच फोडलेली असते, म्हणून ते नेहमीच्या दुधापेक्षा गोड लागतं आणि पिणाऱ्याला लगेच कळतं. त्यामुळे घरातल्या कुणाला तरी साध्या दुधात चिमूटभर साखर घालायला सांगावं आणि कोणत्या दिवशी कोणतं ते आपल्याला सांगू नये असं बजावावं. मनाचा हिस्सा यात मोठा असतो. १९९५ साली अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या संशोधकांनी, आपल्याला दूध मुळीच सोसत नाही असं सांगणारी ३० माणसं घेतली. तपासल्यावर त्यांतल्या ९ जणांना लॅक्टोज व्यवस्थित पचत होतं. बाकीच्यांनाही रोज पेलाभर साधं दूध आणि लॅक्टोज फोडलेलं दूध यांत, कोणतं काय हे माहीत नसताना, फारसा फरक जाणवला नाही.

डॉक्टरांकडे खात्री करायची तर श्वासाची हायड्रोजन चाचणी असते. रात्रभर उपाशी राहून सकाळी २५ ते ५० ग्रॅम लॅक्टोजचं पाणी प्यायचं आणि तीन-चार तास ठराविक वेळाने नळीत फुंकायचं. श्वासातला हायड्रोजन सुरुवातीच्या पातळीपेक्षा दशलक्षात २० भागांनी वाढला तर लॅक्टोज पचत नाही असं धरतात. आधीच्या चार आठवड्यांत अँटिबायोटिक घेतलं असेल तर ते नक्की सांगा, निकाल चुकू शकतो. काहींच्या पोटातले जंतू हायड्रोजनऐवजी मिथेन करतात, त्यांचीही चाचणी फसते. आणखी एक मेख आहे: ५० ग्रॅम म्हणजे एका दमात लिटरभर दूध. चाचणीत लॅक्टोज पचलं नाही म्हणून रोजचा चहा बाधतोच असं होत नाही. चाचणी चालू असताना त्रास झाला का, हेही तितकंच महत्त्वाचं.

तिशीचा आकडा कुठून आला, देव जाणे. लॅक्टेज कमी होतं ते अंगावरचं दूध सुटल्यानंतर, लहानपणीच, आणि सगळ्यांचं होत नाही. ते मोठेपणी टिकवणारा जनुकातला बदल भारताच्या वायव्येकडे जास्त आढळतो, दक्षिणेला आणि पूर्वेला कमी. इतकी वर्षं दूध पचत होतं आणि आत्ताच बिनसलं, तर आधी आतड्याला काय झालं ते पाहायला हवं. मोठा जुलाब, जिआर्डियासारखा परजीवी, गव्हाचा सीलिअ‍ॅक आजार किंवा आतड्याचा क्षय यांत अस्तर सोलवटतं आणि लॅक्टेज घटतं. जुलाबानंतरचं हे बहुतेकदा काही आठवड्यांत पूर्ववत होतं. पण वजन उतरणं, शौचात रक्त, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा रक्त कमी होणं यांतलं काही असेल, तर दूध बंद करून वाट बघत बसू नये.

देशी गाईबद्दल थोडक्यात. ए-वन, ए-टू हा फरक दुधातल्या एका प्रथिनाचा आहे. लॅक्टोज गीर गाईच्या, जर्सीच्या आणि म्हशीच्या दुधात जवळपास सारखंच असतं.

आणि दही-ताक बंद करणं म्हणजे उलटाच कारभार. विरजणातले जंतू काही लॅक्टोज खातात आणि उरलेलं पचवायला आतड्यात स्वतःचं विकर पुरवतात, म्हणून दूध न सोसणाऱ्या बऱ्याच जणांना वाटीभर दही सोसतं. तुपात लॅक्टोज नसल्यात जमा. पनीरमधलं बरंचसं पाण्याबरोबर निघून जातं. जपायचं असेल तर खव्याला आणि दूध पावडरीला जपा, कारण त्यांत पाणी उडालेलं असतं आणि लॅक्टोज एकवटलेलं. मावा पेढ्यांचा अर्धा बॉक्स संपवून रात्री चहाला शिव्या देणारे आम्ही पाहिलेत.