हजारोंनी भरलेला फॉर्म म्हणजे नागपूर नव्हे

सकाळपासून प्रत्येक ग्रुपवर तेच पोस्टर फिरतंय. "नागपूरकरांना सिटी बस नको, पार्किंग हवं!" खाली ऐटीत, "हजारो नागरिकांचा कौल". कौल घेतला कुठे, तर मॉलच्या दारात चिकटवलेल्या क्यूआर कोडवर. काहून बाप्पा, बसने हिंगणा एमआयडीसीत जाणारा माणूस त्या दारात कधी जाणार?

कॉलेजात असताना मी पारडीकडच्या एका वस्तीत सर्वेक्षणाचं काम केलं होतं. आधी सगळ्या घरांची यादी केली, 400 घरं. ही झाली समष्टी. त्यातली 20 निवडायची, म्हणजे दर विसावं घर, आणि पहिलं कोणतं ते चिठ्ठी टाकून. 7 निघाला. मग 7, 27, 47 असं पुढे. हा नमुना. 47 ला कुलूप होतं म्हणून सोबतच्या पोराने शेजारच्या काकूंना विचारून फॉर्म भरून टाकला. साहेबांनी तो सरळ परत केला. "संध्याकाळी पुन्हा जायचं. शेजारी चालणार नाही."

तेव्हा सगळ्यांना साहेब खडूस वाटले. पण हिशोब करून बघा. समजा 100 घरं आहेत. 40 घरांना दिवसा कुलूप, कारण सगळे कामावर, आणि ते सगळे बसने जातात. उरलेल्या 60 पैकी 15 घरं बस वापरतात. खरा आकडा 55 टक्के. दुपारी फक्त उघडी दारं वाजवली तर 25 टक्के. अशा 100 वस्त्या पालथ्या घाला, उत्तर 25च येणार! जास्त लोकांना विचारलं की योगायोगाने होणारा चढउतार कमी होतो, कुलूप काही उघडत नाही. उलट चुकीच्या आकड्यावरचा विश्वास तेवढा वाढतो.

अमेरिकेत 1936 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हेच झालं. 'लिटररी डायजेस्ट' मासिकाने टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारमालकांच्या याद्यांवरून सुमारे 1 कोटी मतपत्रिका पाठवल्या. 20 लाखांहून जास्त परत आल्या. निष्कर्ष निघाला, रूझवेल्ट यांच्या विरोधातले लँडन जिंकणार. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यं घेऊन गेले. मंदीच्या त्या काळात फोन आणि गाडी कोणाकडे होती? शिवाय तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी उत्तरच दिलं नाही. 47 नंबरचंच कुलूप, पण लाखो दारांना.

हो, घरोघरी जायला पैसा लागतो, मान्य. आणि 20 घरं फारच कमी, हेही मान्य. पण नीट चिठ्ठीने निवडलेली हजारेक माणसं एवढ्या मोठ्या शहराचा कल साधारण 3 टक्के इकडेतिकडे सांगून जातात.

पोस्टर बनवणारी पोरं वाईट नाहीत, मेहनत केलीय त्यांनी. फक्त एवढं करा रे. फॉर्म कुठे लावला आणि कोणापर्यंत पोचलाच नाही, ते पोस्टरवर ठळक छापा. आणि तो फॉर्म घेऊन एकदा सकाळी कामावर जायच्या वेळेला बर्डीच्या बसथांब्यावर उभे राहा.