आपला कोरा संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे

तक्रारींचे ई-मेल उघडून त्यांना उत्तरे देण्याच्या खुर्चीवर आपली नेमणूक झाली असेल, तर प्रथम अभिनंदन. या खुर्चीवर बसणाऱ्यास कधी ना कधी असा एक मेल येतोच, ज्यात विषय नसतो, मजकूर नसतो, जोडलेले काही नसते; असतो फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता आणि पाठवल्याची वेळ. त्यास उत्तर कसे द्यावे याचे संपूर्ण शिक्षण एका बियाणे कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाने मला गेल्या जून महिन्यात विनामूल्य दिले. ते आपल्यापर्यंत पोहोचवणे मी माझे कर्तव्य समजतो.

प्रसंग हिंगोली जिल्ह्यातील आमच्या शिवारातला आहे. सोयाबीन पेरून आठ दिवस झाले होते, जमिनीत ओल चांगली होती, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी जिथे कोंब वर दिसायला हवेत तिथे पेरलेल्या ओळींचे तासच्या तास मोकळे पडले होते. मी बांधावर उभा राहून मोकळ्या तासांचे, बॅगेवरील टॅगचे आणि बिलाचे फोटो काढले आणि कंपनीला मेल लिहावयास घेतला. चिखलाने भरलेला अंगठा पाठवण्याच्या बाणावर आधी पडला. फोनने इंग्रजीत काहीतरी विचारले आणि मी घाईत होकार दिला. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घेण्यासाठी मुळात 5 सेकंद मिळतात. संगणकावरून सेटिंग बदलल्यास ते 30 करता येतात, हे मला नंतर पुतण्याने सांगितले. फोटो गेले या समजुतीने मी फोन खिशात घातला. चूक माझी होती, हे इथेच कबूल करतो, म्हणजे पुढे तो मुद्दा कोणाला काढावयास नको.

आता आपले शिक्षण. पहिले उत्तर एका मिनिटाच्या आत जावे, म्हणजे समोरच्याचा मेल कोणीही उघडलेला नाही याबद्दल कोणाच्या मनात संशय राहत नाही. माझा मेल सकाळी 7 वाजून 40 मिनिटांनी गेला आणि 41 व्या मिनिटाला उत्तर आले: ‘आपल्या समस्येची आम्ही गंभीर दखल घेतली आहे.’ खाली एक लांबलचक तक्रार क्रमांकही होता. ज्या मेलमध्ये एक अक्षर नाही, त्यातील समस्येचे गांभीर्य साठ सेकंदांत ओळखणारी ही दृष्टी साध्यासुध्या माणसाजवळ नसते. या उत्तराचा खरा लाभ पुढे आहे. कोरा मेल पाठवणाऱ्यास तो कोरा गेला हे ठाऊक नसते आणि असे उत्तर त्याला ते कळूही देत नाही. त्या तक्रार क्रमांकाच्या भरवशावर मी आखाड्यावर बसून दोन दिवस कंपनीच्या माणसाची वाट पाहिली.

दुसरे उत्तर केवळ एका प्रश्नचिन्हाचे असावे.

तिसऱ्या उत्तरात व्याकरणाचा उपयोग करावा. मला आलेले वाक्य असे होते: ‘आपण कोणतीही माहिती दिलेली नाही. कृपया रिकामे संदेश पाठवून यंत्रणेचा वेळ घेऊ नये.’ पहिल्या वाक्याचा कर्ता ‘आपण’ आहे, हे ध्यानात घ्यावे. ‘माहिती आमच्यापर्यंत पोहोचली नाही’ असे लिहिले असते, तर तीच गोष्ट सांगून झाली असती आणि दोष कोणाच्याही पदरात पडला नसता. परंतु मग शेतकऱ्याला शिस्त कशी लागणार? ‘रिकामे संदेश’ हे अनेकवचनही वाखाणण्याजोगे आहे. मी एकच पाठवला होता.

हे सारे ज्या पत्त्यावरून धाडावे, त्यावर उलट उत्तर स्वीकारले जात नाही, याची खात्री करून घ्यावी.

आणि शेवटी तक्रार बंद करावी. पाचव्या दिवशी मला कळवण्यात आले की, ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे, कृपया आमच्या सेवेला पाचपैकी तारे द्यावेत.’ निराकरण कशाचे झाले? तक्रार कोणती हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी ती सोडवली कशी? समाधान कोणाचे झाले, माझे की त्या नोंदवहीचे? या पाच दिवसांत पाऊस येऊन वापसा झाला होता, शेजाऱ्यांची कोळपणी जवळ आली होती, आणि दुबार पेरणीवाचून मला गत्यंतर उरले नव्हते. उगवणीच्या तक्रारीत शेत हाच पुरावा असतो. तिफण पुन्हा फिरली की तो मातीत जातो, आणि मग तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज केला तरी पंचनाम्यासाठी येणाऱ्या माणसांना दाखवायचे काय? मी ताऱ्यांचा तो अर्जही कोराच परत धाडला. एका मिनिटात उत्तर आले की माझा अभिप्राय मौल्यवान आहे.

पुरे झाला उपरोध. साहेब, कोरा मेल दिसला की आधी तो खरोखर कोरा आहे काय, हे पाहायचे असते. आपल्याच मेलपेटीने चित्रे अडवून ठेवलेली असतात. काळ्या पडद्यावर काळी अक्षरे आली असतील तर सगळा मजकूर निवडल्यावर ती उमटतात. त्याच पत्त्यावरून आधी काही आले आहे काय, हे शोधल्यास निम्म्या वेळा विषयही कळतो. याला दोन मिनिटे लागतात. त्यानंतरही काही हाती लागले नाही, तर एवढेच लिहायचे:

‘नमस्कार. आपला 21 जूनचा, सकाळी 7.40 चा ई-मेल मिळाला, परंतु आमच्याकडे तो कोरा दिसत आहे. मजकूर किंवा फोटो वाटेत राहिले असावेत. कृपया पुन्हा पाठवावेत. नेटवर्कमुळे जमत नसेल, तर गावाचे नाव आणि बॅगेवरील लॉट क्रमांक या फोनवर सांगावा. मी सायंकाळी 6 पर्यंत येथे आहे.’ खाली फोन क्रमांक आणि लिहिणाऱ्याचे स्वतःचे नाव.

दिनांक आणि वेळ यासाठी, की कोऱ्या मेलला उत्तर देताना खाली मूळ मजकूर म्हणून काहीच येत नाही आणि विषयाच्या जागीही काही नसते. कोणत्या मेलविषयी बोलणे चालले आहे, हे माणसाला कळणार कसे? ‘आमच्याकडे कोरा दिसत आहे’ यासाठी, की आपल्याला तेवढेच ठाऊक आहे. पाठवणाऱ्याने काय केले हे आपण पाहिलेले नाही. ‘राहिले असावेत’ म्हटल्याने समोरच्याला लाज न वाटता दुसऱ्यांदा पाठवता येते. आणि मागायचे ते एक-दोनच. दहा रकान्यांचा अर्ज जोडला की बांधावरचा माणूस फोन पुन्हा खिशात घालतो. लॉट क्रमांक मिळाला की तो माल कोणत्या दुकानात गेला, हे तुमच्याच वहीत सापडते.

हे लिहावयास तुम्हाला पाच दिवसांत पाच मिनिटे मिळाली नाहीत. प्रश्नचिन्ह टंकायला मात्र मिळाली. त्या खुर्चीचा पगार घेता ना? मग आलेला मेल उघडून पाहत जा. माझ्या मोकळ्या तासांचे फोटो अजून फोनमध्ये आहेत. आता मात्र ते मागू नका, त्या रानात दुसऱ्यांदा पेरलेले सोयाबीन गुडघ्याला लागले आहे.